रिकाम्या जॅकमधले हेडफोन: पावसाळी नोंदी

गाणी आणि एफएमसाठी राखून ठेवलेला जुना अँड्रॉइड फोन, साडेतीन मिलिमीटर जॅकचा. रत्नागिरीत जुलैची हवा. जॅकमध्ये काही नाही, तरी वर हेडफोनचं चिन्ह आणि स्पीकर गप्प. एफएम तर हमखास फसतं: हेडफोनची वायर हीच त्याची अँटेना, म्हणून ॲप एरवी वायरीशिवाय सुरूच होत नाही. आता सुरू होतं आणि नुसती खरखर ऐकवतं.

फोनला कोणत्या क्षणी काय वाटतं ते पाहायला यूएसबी डिबगिंग चालू करून संगणकावरून ही आज्ञा दिली:

```
adb shell getevent -lt
```

SW_HEADPHONE_INSERT या नावापुढे शेवटी 1 आला की फोनच्या लेखी पिन आत, 0 आला की बाहेर. संध्याकाळी पाऊस लागल्यावर जॅकला हातही न लावता हे आकडे उलटसुलट होत राहिले. पंख्याखाली बराच वेळ ठेवल्यावर 0 वर स्थिरावले. सॉफ्टवेअर अडकलं असतं तर चिन्ह एकाच जागी राहिलं असतं. हवेबरोबर बदलतंय म्हणजे दोष जॅकच्या आत आहे.

पुढचा प्रश्न जॅक कोणत्या जातीचा हा, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तपासणी हीच. एका जातीत तळाजवळ दोन पट्ट्या एकमेकींपासून सुट्या असतात आणि पिनचं धातूचं टोक त्यांना जोडतं. दुसऱ्या जातीत त्या मुळात चिकटलेल्या असतात आणि पिन त्यांना दूर ढकलते. धूळ अडवणारं प्लास्टिकचं बूच सावकाश पूर्ण आत घालून पाहा. चिन्ह आलं तर दुसरी जात, कारण प्लास्टिकही पट्टी ढकलतं. नाही आलं तर पहिली. अर्थात ही तपासणी चिन्ह नसताना, फोन कोरडा असतानाच करायची. माझ्या फोनवर चिन्ह आलं नाही.

त्यामुळे कारणही नेमकं झालं. दुसऱ्या जातीत जॅकमध्ये साचलेल्या धाग्यांचा कोरडा बोळासुद्धा पट्ट्यांमध्ये अडकून त्यांना दूर ठेवू शकतो. पहिल्या जातीत कोरडा कापूस निरुपद्रवी, कारण त्यातून वीज जात नाही. पण खिशातल्या धाग्यांत घामाचं मीठ असतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांपुढे गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. कोकणातल्या पावसात ही पातळी रोजचीच. तो ओला बोळा दोन पट्ट्यांमध्ये हजारो ओहमचा का होईना, पूल बांधतो. पिन आत आहे का हे फोन ज्या तारेवरून ओळखतो, ती वरच्या व्होल्टेजला ओढून धरलेली असते ती फार अशक्त जोडणीने, त्यामुळे एवढी गळतीही तिला खाली आणायला पुरते.

काही फोनांतली ऑडिओ चिप इथेच एक पायरी पुढे जाते. तार खाली आली म्हणून लगेच चिन्ह दाखवत नाही. आधी पट्ट्यांमधला विरोध अजमावते. धातूची पिन असेल तर तो जवळपास शून्य येतो. हजारो ओहम आले तर ती ओल धरून दुर्लक्ष करते. ही सोय छान आहे, पण घामाचा थेंबच आत गेला तर विरोध इतका घसरतो की तीही फसू शकते. शिवाय दुसऱ्या जातीच्या जॅकमध्ये कोरड्या बोळ्यापुढे तिचा उपयोग नाही. माझ्या फोनमध्ये ती नसावी, किंवा मीठ फार साचलं असावं.

सफाई फोन बंद करून केली. टॉर्चच्या उजेडात तळाशी करडी चकती दिसली. प्रत्येक वेळी पिन घालताना कचरा तिथे ठासला जातो. लाकडी टूथपिकचं टोक चाकूने चपटं केलं, भिंतीला धरून तळापर्यंत नेलं आणि बोळा खालून उचलला. टाचणी किंवा सुई नको: पट्ट्या नाजूक स्प्रिंगच्या असतात, एकदा वाकल्या की दोष कायमचा होतो. तोंडाने फुंकायचंही नाही, श्वासाबरोबर वाफ जाते.

बोळा निघाला तरी मीठ पट्ट्यांवर राहतं, आणि ओल तेच ओढतं. म्हणून दातांच्या फटींसाठी मिळणारा, आत तार नसलेला ब्रश 99 टक्के आयसोप्रोपिलमध्ये जेमतेम ओला करून फिरवला. मीठ या द्रवात फारसं विरघळत नाही, ब्रशने खरवडूनच निघतं. मग कोरड्या ब्रशचा हात, आणि फोन रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात. तांदूळ मी वापरत नाही, त्याची भुकटी पुन्हा जॅकमध्ये जाते.

आता पावसातही आकडा 0 वर आहे आणि पिन पूर्वीपेक्षा खोल, टक् आवाज करून बसते. यापुढे सर्वांत दमट रात्री फोन उघड्या खिडकीत ठेवून getevent चालू ठेवणार आहे. एखादाही 1 उमटला तर पट्ट्यांवर अजून मीठ आहे असं धरून पुन्हा ब्रश. तरीही उमटत राहिला, तर पट्ट्या गंजल्यात असं समजून जॅकचा सुटा भाग बदलायला घेईन.