तिसऱ्या बिलासाठी वापरलेला मेल

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीनशॉपचं अकाउंट्स बघते. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग आमच्याकडे मशीनवर चढतं आणि पंपाचे भाग होऊन ग्राहकाकडे जातं. कामगार नऊ, साहेब आणि मी. वसुली हेही माझंच काम.

2023 च्या पावसाळ्यात एका पंप कंपनीला आम्ही तीन खेपा माल दिला. बिलं 4,00,000, 2,86,000 आणि 2,50,000 ची, म्हणजे एकूण 9,36,000 रुपये. आमच्यासारख्या शॉपचा एवढ्या रकमेत श्वास अडकतो. दिवाळीनंतर मी अधूनमधून फोन करायचे. तिकडचा अकाउंट्सचा मुलगा नम्र होता. "ताई, या आठवड्यात बघतो" म्हणायचा आणि खरंच वरच्यांकडे जाऊन विचारायचा. अडवणारे वरचे होते. मोठ्या कंपन्यांत पैसे न देण्याचा निर्णय एक जण घेतो आणि फोन उचलायला दुसऱ्यालाच बसवतात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

जून 2024 संपताना साहेबांचा संयम सुटला. त्यांनी रात्री बसून पत्र लिहिलं. बाजारात तुमचं नाव काळं करू, पोलिसांत फसवणुकीची तक्रार देऊ, असं सगळं त्यात होतं. मी ते वाचलं आणि म्हटलं, "साहेब, हे पाठवलं तर ते आपल्याच विरुद्ध दाखवतील." थकलेल्या बिलासाठी पोलिसांची धमकी देणाऱ्याचा खरा दावासुद्धा हलका दिसतो. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मग तूच लिही."

वकिलाकडे जाण्याआधी आपल्याच लेटरहेडवर, पण नोटिशीच्या पद्धतीचं पत्र द्यायचं ठरलं. मी आधी फाइल उघडली. मी आठ महिन्यांत अकरा वेळा आठवण दिली होती, पण लेखी फक्त चार वेळा. बाकीचे सगळे फोन. पत्रात मी त्या चारच लिहिल्या, तारखेसकट.

मग व्याज. त्यांच्या पर्चेस ऑर्डरवर 90 दिवसांची उधारी छापलेली होती. आमची उद्यम नोंदणी 2021 ची, म्हणजे माल देण्याच्या आधीची, आणि आम्ही उत्पादक. अशा सूक्ष्म-लघु पुरवठादाराला 2006 च्या एमएसएमई कायद्याचं कलम 15 लागू होतं. करारात काहीही लिहिलेलं असो, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे मुदत जात नाही. त्यानंतर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तेव्हा बँक रेट 6.75 टक्के होता, म्हणून आमचा दर 20.25 टक्के.

पहिल्या बिलाचा माल 18 जुलै 2023 ला पोचला होता. 45 वा दिवस 1 सप्टेंबर. 2 सप्टेंबरपासून पत्राच्या तारखेपर्यंत, म्हणजे 2 जुलै 2024 पर्यंत, बरोबर दहा महिने. महिन्याला 1.6875 टक्के, चक्रवाढीने चार लाखांवर सुमारे 72,860 रुपये व्याज झालं. सरळव्याजाने ते 67,500 आलं असतं. मी प्रत्येक महिन्याची ओळ असलेला तक्ता पत्राला जोडला. समोरच्या ऑडिटरला आकडा स्वतः तपासता आला की तो वाद घालत नाही, हा माझा अनुभव आहे.

अडलं ते तिसऱ्या बिलावर. माल कधी पोचला हे चलन सांगतं. पहिल्या दोन चलनांवर त्यांच्या गेटचा शिक्का, सही आणि तारीख स्वच्छ होती. तिसऱ्यावर शिक्का पाण्याने फुटलेला, सही नाही, तारीख नाही. गाडी पावसात गेली होती आणि आमच्या ड्रायव्हरने कागद तसाच आणला. मी त्या दिवशी तो न बघता फाइलला लावला, ही माझी चूक. ई-वे बिल होतं, पण त्यावरून माल निघाल्याचं कळतं, स्वीकारल्याचं नाही. त्यातच त्यांच्या क्वालिटी विभागाने मधे एकदा तोंडी म्हटलं होतं की शेवटच्या लॉटमधल्या काही तुकड्यांत ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेली भोकं, आहेत. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर कायद्याने माल पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. पण पोचल्याचा दिवसच मला दाखवता येत नव्हता.

रात्री नऊच्या सुमारास मला त्या मुलाचा मेल सापडला. मी खूप चिडून लिहिलं होतं, त्याला डिसेंबरमध्ये आलेलं उत्तर. तिन्ही बिलं सिस्टिममध्ये बुक आहेत, त्यांचे तिन्ही गेट-एन्ट्री नंबर असे आहेत, तिसरा माल अमुक तारखेला आत आला, फंड आला की सोडतो. मला हवं होतं ते सगळं एका मेलमध्ये होतं. शिवाय लेखी कबुली असल्याने वसुलीची तीन वर्षांची मुदतही त्या दिवसापासून नव्याने मोजता येणार होती.

पत्र इंग्रजीत होतं. त्यातला चौथा परिच्छेद मराठीत असा होईल: "आपल्या लेखा विभागाने 14 डिसेंबर 2023 च्या ईमेलने तिन्ही बिलांची नोंद व माल मिळाल्याच्या तारखा मान्य केल्या आहेत. प्रत सोबत जोडली आहे." पुढे 15 दिवसांची मुदत दिली आणि नंतर याच एमएसएमई कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करू असं लिहिलं. शेवटी आणखी एक वाक्य. 1961 च्या आयकर कायद्याच्या 43बी(एच) प्रमाणे, मुदत उलटून 31 मार्चला थकलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, ती पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येते. 2023-24 हे या तरतुदीचं पहिलंच वर्ष होतं आणि त्यांचं ऑडिट चालू होतं.

रजिस्टर एडीने दोन प्रती पाठवल्या, एक नोंदणीकृत कार्यालयाला आणि एक कारखान्याला. मेलही केला. सहाव्या दिवशी पोचपावती परत आली. आठव्या दिवशी त्यांच्या फायनान्स प्रमुखांचा साहेबांना फोन आला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच वरून कोणी बोललं. जुलै आणि ऑगस्ट, दोन हप्त्यांत 9,36,000 पूर्ण आले. व्याज साहेबांनी सोडून दिलं. माझं मत वेगळं होतं, पण शॉप त्यांचं आहे.

त्या दोन हप्त्यांच्या मधे एका संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच हळू. "ताई, तो मेल मी तुम्हाला धीर म्हणून पाठवला होता. परवानगी न घेता पाठवला. आता सगळे मला विचारताहेत, नंबर का दिलेस." मी म्हटलं, "तू खरं तेच लिहिलं होतंस." तो म्हणाला, "हो, खरंच होतं." आणि फोन ठेवला.

सप्टेंबरमध्ये बॅलन्स कन्फर्मेशनचा, म्हणजे दोघांच्या खात्यातली बाकी जुळवायचा, कागद आला, त्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही होती. चौकशी केली तर तो आता इथे नाही एवढंच सांगितलं. काढलं की स्वतःहून गेला, ते कळलं नाही.

तिसरं बिल पत्रातून वगळून वेगळं मागता आलं असतं का, हे मी बऱ्याचदा मांडून बघते. पहिल्या दोन बिलांना त्याच्या मेलची गरज नव्हती. पण अडीच लाख म्हणजे आमच्या नऊ माणसांचा जवळपास महिन्याचा पगार, आणि ते अडकले होते मी न बघता फाइल केलेल्या एका चलनामुळे. निदान पत्र टाकायच्या आधी त्याला एक फोन करायला हवा होता. आता ड्रायव्हर परत आला की मी गेटच्या शिक्क्यावरची तारीख त्याच्यासमोर वाचते, आणि पुसट असेल तर त्याच दिवशी परत पाठवते. त्या मुलाला दोनदा फोन लावला. नंबर बंद आहे.