१४०० वरून ११३८ वर: छतावरच्या सहा सोलर पॅनलची रेल पुन्हा बसवली त्याची गोष्ट

मे महिन्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या स्लॅबवर ५४० वॉटची सहा पॅनल एका ओळीत बसली. बसवणारी पोरं आली तेव्हा मी कामावर होतो. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये बावीस वर्षं काढल्यामुळे आवळलेला बोल्ट दिसला की हात आपोआप तिकडे जातो. संध्याकाळी वर चढलो आणि पॅनलची फ्रेम रेलवर दाबून धरणाऱ्या कडेच्या पहिल्याच एंड क्लॅम्पपाशी थांबलो. क्लॅम्पच्या ओठाखाली फ्रेमची ॲल्युमिनियमची कड दबली होती. खड्डा फार खोल नव्हता, पण नख फिरवलं की अडकत होतं.

मग टेप आणला. पॅनलची लांबी २२७८ मिमी, पॅनल ज्यांवर टेकतात त्या दोन रेलमधलं अंतर १४००. वरच्या टोकापासून क्लॅम्प ३१० वर आणि खालच्या टोकापासून ५६८ वर. म्हणजे अंतर जास्त होतंच, शिवाय पॅनल रेलवर एका बाजूला सरकून बसलं होतं. कोपऱ्यात टाकलेल्या पुठ्ठ्यांत पॅनलची पुस्तिका सापडली. तिच्यात क्लॅम्पसाठी लिहिलं होतं: टोकापासून लांबीच्या एक चतुर्थांशावर, ५० मिमी पुढे-मागे चालेल. २२७८ चा चौथा भाग ५६९.५. म्हणजे क्लॅम्प ५२० ते ६२० च्या दरम्यान हवा. खालचा बसत होता, वरचा दोनशे मिमी बाहेर होता.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा सुपरवायझर आला. "काका, फ्रेमला भोकंच १४०० वर आहेत की. कंपनीनंच दिल्यात. आम्ही सगळीकडं तसंच बसवतो." त्याचं म्हणणं मनापासून होतं आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. ती भोकं खालून बोल्ट लावून बसवायच्या पद्धतीसाठी असतात. वरून क्लॅम्प लावायचा तर त्याची जागा वेगळी आणि ती पुस्तिकेतल्या वेगळ्या चित्रात दिलेली असते. एका पद्धतीची मापं दुसरीला लावता येत नाहीत. प्रत्येक कंपनीचे आकडेही वेगळे असतात, त्यामुळे माझे ५२० ते ६२० दुसऱ्याच्या पॅनलला लावू नयेत.

त्याला मी पाट्याचं उदाहरण दिलं. लांब पाटा दोन्ही टोकांना टेकवून मधोमध दाबला की पोट खाली जातं. टेकू आत घेतले की बाहेर राहिलेली टोकं आपल्या भाराने मधलं पोट उचलून धरतात. टेकू चौथ्या भागावर असतील तर सारख्या पसरलेल्या भाराखाली मधोमध वाकवणारा जोर जवळजवळ शून्य होतो. पॅनलवर हा भार पावसाळी वारा टाकतो, कधी वरून दाबून, कधी खालून उचलून. आमच्या पॅनलला पुढे काच आणि मागे पातळ शीट आहे. वीज तयार करणारे सेल काचेच्या खाली चिकटलेले असल्यामुळे काच खाली वाकली की ते ताणले जातात. सेलची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही कमी. काच लवचिकपणे परत सरळ होते, सेलला मात्र केसासारखी भेग राहते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

हेस्कॉम या वीज कंपनीचा नेट मीटर अजून लागायचा होता, म्हणून सगळं खोलायला हीच वेळ बरी होती. एजन्सीनेही नाही म्हटलं नाही. डीसी आयसोलेटर बंद करून संध्याकाळी कनेक्टर सोडवले, कारण उजेड आहे तोवर सहा पॅनलच्या माळेत तीनशे व्होल्टच्या आसपास असतात.

बोल्ट खोलतानाच खरा प्रकार कळला. पोरांनी इम्पॅक्ट ड्रायव्हर थांबेपर्यंत दाबून धरला होता. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या नटात असा वेगाने फिरवला की आटे तापून एकमेकांना धरतात. चौदापैकी तीन बोल्ट असे जाम झाले होते आणि एक माझ्या हातात तुटला.

पुस्तिकेत एम८ बोल्टला आवळायचा जोर, म्हणजे टॉर्क, १६ ते २० न्यूटन मीटर दिला होता, क्लॅम्पच्या कागदावरही १८ बसत होतं. कोरड्या आट्यांवर १८ ला बोल्टमध्ये साधारण अकराशे किलोची ओढ येते. तीसला गेलात तर एकोणीसशेच्या पुढे, आणि डोक्यावर ए२-७० लिहिलेला एम८ बोल्ट साडेसोळाशेच्या आसपासच कायमचा ताणायला लागतो. तो ताणायच्या आधी फ्रेमची कड दबते. उलट कमी आवळलं तर वाऱ्यात क्लॅम्प सरकतो. मी आट्यांना ग्रीस लावलं नाही. ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला ओढ वाढते आणि कागदावरचा आकडा खोटा पडतो.

शॉपमधला ५ ते २५ न्यूटन मीटरचा छोटा टॉर्क रेंच मागून आणला. गाड्यांच्या चाकांचा मोठा रेंच १८ वर भरवशाचा नसतो. आधीच आवळलेल्या बोल्टवर रेंच लावला की तो लगेच टिक वाजतो, पण जास्त किती आवळलंय ते त्यातून कळत नाही. म्हणून सगळे सोडूनच नवीन आवळले.

रेल ११३८ वर आणल्या: २२७८ मधून दोन वेळा ५७०. मग एका रेलच्या टोकापासून दुसऱ्या रेलच्या उलट्या टोकापर्यंत दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणल्या. मधोमध त्या एकमेकींना टेकायला हव्यात. आमच्या दोऱ्यांत ८ मिमीची फट निघाली, म्हणजे रेलना पीळ होता. तो तसाच ठेवून क्लॅम्प आवळला असता तर पॅनलच पिळलं असतं. पायाच्या लांबट भोकात रेल खालीवर करून दोऱ्या टेकवल्या. बोल्ट आधी हाताने बसवले, क्लॅम्पचा ओठ फ्रेमवर पूर्ण आडवा बसलाय आणि काचेला लागत नाही हे बघितलं, मग दोन्ही बाजू आलटून पालटून १८ पर्यंत नेल्या. बोल्ट हलला तर कळावं म्हणून प्रत्येक बोल्टपासून क्लॅम्पवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

एक प्रश्न उरला होता: आत भेगा पडल्यात का? मल्टिमीटरने सहाही पॅनलचे व्होल्ट जवळजवळ सारखेच दाखवले, पण भेग नवी असताना व्होल्टेजवर तिचा परिणाम दिसत नाही. भाच्याच्या ओळखीतला एक मुलगा सेलमधल्या भेगा दाखवणारे ईएल फोटो काढतो. अंधार पडल्यावर त्याने एकेका पॅनलमध्ये बाहेरून १४ अँपिअरच्या आसपास करंट सोडला. तेव्हा सेल डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात चमकतात आणि आतला फिल्टर काढलेला कॅमेरा तो टिपतो. पाच पॅनल स्वच्छ निघाली. दबलेल्या कडेच्या पॅनलमध्ये वरच्या क्लॅम्पजवळ दोन सेलवर तिरक्या फांद्या फुटलेल्या होत्या आणि एका सेलचा कोपरा पूर्ण काळा होता, म्हणजे तेवढा तुकडा विजेपासून तुटला होता.

"हे गाडीतून येताना पण झालेलं असंल की," सुपरवायझर म्हणाला. फोटो भेग कधी पडली ते सांगत नाही, हे त्याचं खरंच होतं. मी फ्रेमच्या खड्ड्यावर त्याचं बोट ठेवलं. थोडा वेळ तो गप्प राहिला. आठवड्याने पॅनल बदलून मिळालं आणि ते बसवायच्या आधी मी त्याचाही फोटो काढून घेतला.

ऑगस्टमध्ये पाऊस थोडा थांबला तेव्हा वर गेलो. चौदापैकी तेरा रेघा जशाच्या तशा जुळलेल्या होत्या. पूर्वेकडच्या खालच्या एंड क्लॅम्पची रेघ दोन मिमीने हलली होती. तो बोल्ट खोलला तेव्हा क्लॅम्पखाली वाळूचा कण निघाला. जागा पुसून पुन्हा १८ वर आवळला आणि नवीन रेघ ओढली.