Z_12 ते Z_18: मसावि नेमका कुठून शिरतो

मागच्या नोंदीपर्यंत चक्रीय गटांचे उपगट मोजून झाले होते. त्यापुढचा टप्पा हा: दोन सांत चक्रीय गट घ्यायचे, एकाची ऑर्डर m, दुसऱ्याची n, आणि पहिल्यातून दुसऱ्यात किती होमोमॉर्फिझम जातात ते मोजायचं. उत्तर एका ओळीचं आहे, m आणि n यांचा मसावि. ते बहुतेकांना पाठ असतं. मला बघायचं होतं ते वेगळं. मसावि तिथे शिरतो कुठून, आणि कोणत्या गटापाशी आल्यावर तो खोटं बोलायला लागतो?

सगळं काम Z_12 आणि Z_18 या जोडीवर केलं. जोडी मुद्दाम अशी घेतली की कुठलाच आकडा दुसऱ्याला भागत नाही आणि मसावि 1 पण नाही, 6 आहे. 12 आणि 24 घेतले असते तर उत्तर 12 आलं असतं, आणि मग हा 12 मसावि म्हणून आला की लहान गटाची ऑर्डर म्हणून, हे सांगता आलं नसतं. अशा जोड्या सरावाला सोप्या, पण काही शिकवत नाहीत.

आता मुळापासून. Z_12 चा जनरेटर 1. तो Z_18 मध्ये कुठे गेला एवढं ठरलं की बाकी सगळं आपोआप ठरतं, कारण 5 म्हणजे 1 पाच वेळा मिळवलेला, तेव्हा f(5) म्हणजे f(1) पाच वेळा मिळवलेला. f(1) = a म्हटलं तर f(x) = xa मॉड 18. मोकाट फंक्शनं मोजली असती तर 18^12 झाली असती. इथे एका फटक्यात 18 उमेदवार उरले.

या अठरांतले सगळे चालत नाहीत, आणि का चालत नाहीत ते a = 1 घेऊन जवळून बघण्यासारखं आहे. वरवर f(x) = x, यात बिघडण्यासारखं काय आहे? 7 आणि 8 घ्या. f(7) + f(8) = 15, आणि Z_18 मध्ये 15 म्हणजे 15च. पण Z_12 मध्ये 7 + 8 = 3, म्हणून f(7 + 8) = f(3) = 3. 15 आणि 3 एक नाहीत. बेरीज 12 च्या आत राहते तोवर हे फंक्शन सरळ चालतं, 12 ओलांडली की फसतं. पहिल्या गटात 12 म्हणजे शून्य, दुसऱ्या गटाला त्याचा पत्ता नाही. म्हणून होमोमॉर्फिझम आहे की नाही ते तपासताना लहान आकडे घेऊन समाधान मानू नये. गुंडाळून शून्यापाशी येणारी एक तरी बेरीज घ्यावीच.

तीच बेरीज a = 3 ला: f(7) = 21, म्हणजे 3; f(8) = 24, म्हणजे 6; मिळून 9. आणि f(3) = 9. जुळलं.

यातून अट सरळ दिसते. Z_12 मध्ये बारा वेळा 1 मिळवला की शून्य, तर Z_18 मध्ये बारा वेळा a मिळवला तरी शून्यच यायला हवा: 12a ला 18 ने भाग गेला पाहिजे. एवढी अट पुरेशीही आहे. x आणि y यांच्यात 12 च्या पटीचा फरक असेल तर xa आणि ya यांच्यात 12a च्या पटीचा फरक पडतो, आणि तो मॉड 18 शून्य आहे. म्हणजे Z_12 मधल्या एकाच घटकाला दोन नावांनी हाक मारली तरी उत्तर एकच येतं. बेरीज जपली जाते हे नंतर वाटणीच्या नियमाने फुकट मिळतं.

मसावि शिरतो तो इथे. 18 ने 12a ला भाग जायचा तर दोन्हीकडून 6 काढून टाका: 3 ने 2a ला भाग गेला पाहिजे. 3 आणि 2 सहमूळ, तेव्हा 2 कडून 3 ला काही मदत नाही. सगळा भार a वर, म्हणजे a ला 3 ने भाग जायलाच हवा. त्यामुळे a = 0, 3, 6, 9, 12, 15. मोजून सहा. सर्वसाधारण m, n आणि मसावि d साठी हेच: a हा n/d च्या पटीत हवा, आणि 0 ते n-1 मध्ये n/d च्या पटी बरोबर d असतात. या युक्तिवादात मला सगळ्यात मोलाची वाटते ती सहमूळची पायरी. d काढल्यावर उरलेले m/d आणि n/d सहमूळ असतात म्हणूनच हे साधतं. महत्तमच्या जागी नुसता एखादा सामाईक विभाजक काढला, समजा 2, तर 9 ने 6a ला भाग जावा अशी अट उरते, आणि त्यावरून a ला 9 ने भाग जातो असं म्हणून टाकलं तर सहातले चार उमेदवार हातचे जातात.

मोजणी इथे संपली असती, पण एक गोष्ट खटकत राहिली. मसावि m आणि n यांच्यात भेद करत नाही. म्हणजे Z_18 मधून Z_12 मध्येही सहाच जायला हवेत. तिथली अट 18a ला 12 ने भाग जावा ही, म्हणजे a सम हवा: 0, 2, 4, 6, 8, 10. सहा आलेच. पण एकीकडे 3 च्या पटी, दुसरीकडे 2 च्या. याद्या वेगळ्या, संख्या तेवढीच. योगायोग म्हणून सोडून द्यायला मन होईना, आणि वरचं n/d वालं गणित याचं कारण सांगत नाही.

कारण सापडलं ते सहा फंक्शनं प्रतिमेच्या आकारावरून वेगळी केल्यावर. Z_12 मधून Z_18 कडे जाताना a = 0 ची प्रतिमा एका घटकाची. a = 9 ची दोन घटकांची, 0 आणि 9. a = 6 आणि a = 12, दोघांचीही प्रतिमा 0, 6, 12. आणि a = 3, a = 15 यांची प्रतिमा 3 च्या सगळ्या पटी, सहा घटक. आकार 1, 2, 3, 6, म्हणजे 12 आणि 18 यांचे सामाईक विभाजक, एकही न सोडता. आणि प्रत्येक आकाराची फंक्शनं अनुक्रमे 1, 1, 2, 2, म्हणजे ऑयलरचं φ.

प्रतिमा k घटकांची असेल तर k ने 18 ला भाग जातो, कारण प्रतिमा हा Z_18 चा उपगट. आणि 12 लाही जातो, कारण 12 घटक k समान गठ्ठ्यांत वाटले जातात. चक्रीय गटात प्रत्येक विभाजकाला बरोबर एक उपगट असतो (मागच्या नोंदीतली मोजणी इथे कामी आली), म्हणून कुठले गठ्ठे आणि कुठली प्रतिमा हे k वरूनच ठरतं. निवड उरते ती एवढीच की गठ्ठ्यांच्या चक्रीय गटाचा जनरेटर प्रतिमेतल्या कुठल्या जनरेटरवर बसवायचा. त्याचे φ(k) मार्ग. या सगळ्यात 12 आणि 18 यांची जागा अदलाबदल केली तरी एक अक्षर बदलत नाही. सामाईक विभाजकांवर φ ची बेरीज केली की 6 येते, कारण d च्या सगळ्या विभाजकांवरची φ ची बेरीज d असते. दोन्ही दिशांना सहा का, याचं उत्तर माझ्या मते हे खरं. जाता जाता हेही दिसतं की सहांपैकी एकही फंक्शन एकैक नाही आणि एकही आच्छादक नाही. त्यासाठी प्रतिमा अनुक्रमे 12 किंवा 18 घटकांची लागली असती.

संगणकावर पडताळा घेताना एक पथ्य पाळलं. f(1) वरून सगळं ठरतं हे प्रोग्रॅममध्ये गृहीत धरलं तर तो आपलंच म्हणणं आपल्याला परत ऐकवतो. म्हणून लहान गट घेऊन सगळी फंक्शनं तपासली. Z_4 मधून Z_6 मध्ये 6^4, म्हणजे 1296 होतात.

```python
from itertools import product
from math import gcd

def ganana(m, n):
    c = 0
    for f in product(range(n), repeat=m):
        if all(f[(x+y) % m] == (f[x]+f[y]) % n
               for x in range(m) for y in range(m)):
            c += 1
    return c

print(ganana(4, 6), gcd(4, 6))
```

`2 2` छापलं जातं. 1296 मधून दोन टिकतात, सगळं शून्यावर पाठवणारं आणि 1 ला 3 वर पाठवणारं. याच पद्धतीने 12 आणि 18 करायला जाऊ नका. 18^12 म्हणजे 10^15 च्या वर, प्रोग्रॅम संपायची वाट बघण्यात अर्थ नाही.

आता साथ सुटते ती जागा. गट अंकांच्या बेरजेचाच हवा असं नाही, फक्त चक्रीय हवा. मॉड 9 च्या गुणाकाराचा गट U(9) घ्या: 1, 2, 4, 5, 7, 8, आणि 2 हा जनरेटर. Z_4 मधून इथे यायचं तर x^4 = 1 असे x हवेत, आणि ते दोनच आहेत, 1 आणि 8. 4 आणि 6 चा मसावि 2. ठीक.

मग U(8): 1, 3, 5, 7. याचीही ऑर्डर 4, आणि Z_4 मधून यात येणारे होमोमॉर्फिझम चार, मसावि पण 4. इथे थांबलं तर सूत्र चाललं असं वाटेल. पण Z_2 मधून? x^2 = 1 असे x हवेत, आणि 3^2 = 9, 5^2 = 25, 7^2 = 49, तिघांचीही 8 ने भागल्यावर बाकी 1. म्हणजे पुन्हा चार, मसावि मात्र 2. U(8) चक्रीय नाही; दोन घटकांचे उपगट त्यात एक नाही, तीन आहेत. प्रत्येक विभाजकाला एकच उपगट हा आधार तिथे निसटतो, आणि Z_4 ला उत्तर जुळलं ते केवळ नशिबाने. ऑर्डर बघून मसावि काढण्याआधी लक्ष्यगटात त्या ऑर्डरचा घटक खरंच आहे का, हे पाहिलं की फसगत टळते. U(8) मध्ये 4 ऑर्डरचा घटकच नाही.

अशा गटालाही मसावि लावता येतो, पण तुकड्या-तुकड्याने. U(8) म्हणजे Z_2 च्या दोन प्रती शेजारी ठेवलेल्या, तर प्रत्येकीत जाणारे 2, गुणाकार 4. हाच हिशेब U(15) वर करून बघितला. त्याची ऑर्डर 8 आणि तुकडे Z_2 व Z_4. Z_6 मधून जाताना 6 आणि 2 चा मसावि 2, 6 आणि 4 चाही 2, म्हणून चार. नुसता 6 आणि 8 चा मसावि दोनच सांगतो. मॉड 15 प्रत्यक्ष तपासलं तर x^6 = 1 ला 1, 4, 11 आणि 14 बसतात. पुढच्या नोंदीत दोन्ही बाजूंना असे तुकडे पडलेले गट घेणार आहे.