आहेराच्या वहीतलं एक पान

लातूरमध्ये मी आयकराची कामं करतो. दोन वर्षांपूर्वी एक कृषी सेवा केंद्रवाला तरुण वडिलांना घेऊन ऑफिसात आला. त्याचं लग्न मे 2022 मध्ये झालेलं. लग्नानंतर त्याने बचत खात्यात 10,20,000 रुपये रोख भरले होते. वर्षभरात बचत खात्यात दहा लाख किंवा जास्त रोख भरली की बँक आयकर खात्याला कळवते. तसं कळवलं गेलं आणि नोटीस आली.

"साहेब, लग्नाच्या आहेराला टॅक्स नसतो म्हणतेत की," वडील म्हणाले.

ते खरंच आहे. एरवी मित्र-परिचितांकडून वर्षभरात मिळालेल्या पैशांची बेरीज 50,000 च्या वर गेली, तर सगळीच रक्कम उत्पन्नात धरतात, फक्त वरची नाही. स्वतःच्या लग्नात मिळालेल्या आहेराला मात्र ही मर्यादा लागत नाही. पण हा आहेरच आहे, हे दाखवायचं काम घेणाऱ्याचं असतं. दाखवता आलं नाही तर त्या वर्षाच्या नियमाने अधिभार-उपकरासह 78 टक्के कर. दहा लाख वीस हजारांवर जवळपास आठ लाख.

मी वही मागितली. लाल कापडी पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं. अक्षर बहुतेक शाळकरी पोराचं असावं. 101, 251, 501, पुढे गाव आणि नाव. तीन संध्याकाळी बसून आम्ही बेरीज केली: 5,70,000. पाच हजारांच्या वरचा आहेर करणाऱ्यांकडून सहीचं पत्र आणि पॅन घेतलं. सोबत लग्नपत्रिका आणि कार्यालयाची पावती जोडली. लग्नखर्चासाठी त्याने आधी स्वतःच्या खात्यातून काढलेल्या रकमेतले 1,50,000 उरले होते, ते पासबुकात दिसत होतं. राहिले तीन लाख.

त्यातले दोन लाख मुलाच्या एका शेतकरी मित्राने दिलेले. त्याने सोयाबीनची आडत्याची पट्टी आणि बँकेचा उतारा आणून दिला. पट्टीचे पैसे खात्यात आलेले आणि हळदीच्या आदल्या दिवशी दोन लाख काढलेले. देणारा कोण, त्याची ऐपत किती, पैसा खरंच दिला का, या तिन्ही गोष्टी एका उताऱ्यात दिसत होत्या. म्हणजे कराचा प्रश्न मिटला. पण मी विचारलं, "एकदम दिले?" मुलगा म्हणाला, "नाही, एक लाख हळदीला, एक लाख लग्नात. एका दिवशी दोन लाख घ्यायचे नसतात हे आम्हाला माहीत होतं."

इथे माझ्या पोटात गोळा आला. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका माणसाकडून एका दिवशी घ्यायची नाही, हा नियम अर्धाच आहे. एकाच प्रसंगासाठी एकाच माणसाने दिलेली रोखही एकत्र धरतात, मग ती कितीही दिवसांत दिलेली असो. हळद आणि लग्न हा प्रसंग एकच. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा, म्हणजे दोन लाख. यातला एक लाख जरी त्याने बँकेतून पाठवला असता तर काहीच झालं नसतं.

शेवटचे एक लाख वडिलांच्या मित्राचे. वरच्या बेरजेत ते धरले नव्हते, कारण वहीत स्वच्छ लिहिलेलं, 'आबांना'. लग्न मुलाचं, पैसे वडिलांना. सवलत फक्त नवरा-नवरीला असते, आणि मित्र काही कायद्याने नातेवाईक नाही. आबा हळूच म्हणाले, "ते पान फाडू अन् पोराच्या नावानं नवं लिहू. कोण बघतंय?"

मी वही बंद केली. त्या पानाच्या मागच्या बाजूला चाळीस माणसांचा खरा आहेर होता, आणि बदललेलं एक पान सापडलं असतं तर वहीतल्या सगळ्या सातशे नावांवर कुणी विश्वास ठेवला नसता. शिवाय गरजही नव्हती. आबांचं उत्पन्न सगळं शेतीचं. हे एक लाख त्यांचं करपात्र उत्पन्न ठरलं, तरी त्या वर्षीच्या अडीच लाखांच्या करमुक्त मर्यादेत असल्याने कर शून्य. तिथून मुलाला दिले तर बाप-लेकाचं नातं कायद्यात बसतं. आम्ही तसंच लिहून दिलं, आबांची सही घेऊन.

आदेश आला तेव्हा दहा लाख वीस हजारांतला एक रुपयाही उत्पन्नात वाढवलेला नव्हता. मित्राच्या दोन लाखांचा दंड मात्र वेगळ्या नोटिशीने लागला. सबळ कारण दाखवता आलं तर तो माफ होऊ शकतो. मुलगा आणि त्याचा मित्र दोघंही नियम पाळायच्या समजुतीतच होते आणि पैशाचा माग बँकेत स्वच्छ दिसतो, हे आम्ही मांडलं. ते मान्य झालं नाही, म्हणून अपील केलंय. वही अजून माझ्याच कपाटात आहे.