एरोप्रेस उलटा की सरळ? आधी दट्ट्याचा वेग बघा

एरोप्रेस म्हणजे नळकांड्यातली कॉफी दट्ट्याने दाबून गाळणीतून पेल्यात उतरवायचं हाताचं साधन. ते उलटं, म्हणजे दट्ट्या खाली आणि गाळणीचं तोंड वर ठेवून वापरण्यामागचं मुख्य कारण एकच. सरळ ठेवून पाणी ओतलं की कॉफी मुरायच्या आत थोडं पाणी गाळणीतून खाली गळतं, आणि उलटा ठेवला तर एक थेंबही जात नाही. गळती खरी आहे. पण पाणी ओतल्याबरोबर दट्ट्या वरच्या तोंडात सेंटिमीटरभर बसवला आणि किंचित वर ओढला, तर आतल्या हवेचा दाब कमी होऊन ती जवळपास थांबते. हे हात चटकन झाले तर माझ्याकडे पेल्यात दहा-पंधरा ग्रॅमच उतरतं. तेवढ्यासाठी गरम पाण्याने भरलेलं नळकांडं उलटं करण्यात मला अर्थ वाटत नाही. कपातला मोठा फरक पुढे, दट्ट्या दाबताना पडतो.

तो फरक तपासायला मी प्रवासातल्या छोट्या एरोप्रेससाठी हे माप धरतो: १४ ग्रॅम कॉफी, २०० ग्रॅम पाणी, एक कागदी फिल्टर. चिकमगळूरकडची मध्यम भाजलेली कॉफी, दळण मिठापेक्षा किंचित जाड. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळी आल्यावर मी मिनिटभर थांबतो. फिल्टर भिजवायचा, कॉफी घालायची, पाणी ओतायचं, दोनदा ढवळायचं आणि दट्ट्या बसवायचा.

वेगांची तुलना करताना बहुतेक जण दोन्ही वेळा एकाच क्षणी दाबायला सुरुवात करतात. मग सावकाश दाबलेली कॉफी पाण्यात जास्त वेळ राहते, आणि चवीतला फरक वेगाचा की वेळेचा ते कळत नाही. म्हणून शेवट एकच ठेवायचा, अडीच मिनिटांवर. सावकाश दाबायचं असेल तर १:४५ ला सुरुवात करून ४५ सेकंद घ्यायचे, आणि जलद दाबायचं असेल तर २:१५ ला सुरुवात करून १५ सेकंद.

जलद दाबलेला कप मला पातळ लागतो आणि तरी घशाशी कडवट. जोर वाढला की कॉफीचा थर आवळला जातो, बारीक कण कागदावर दाटतात, अडथळा वाढतो, आणि मग आपण आणखी जोर लावतो. पाणी कडेची किंवा भेगेची सोपी वाट धरतं. त्या वाटेवरची कॉफी जास्त धुतली जाते, बाकीची कमी. चोथा बाहेर ढकलल्यावर त्यावर भेग किंवा एका कडेला खड्डा दिसला, तर संशय याच गोष्टीवर घ्यावा. सावकाश दाबलेला कप भरीव लागतो आणि गोडवा ओळखू येतो. धातूची जाळी वापरत असाल तर घाई आणखी महागात पडते, कारण बारीक गाळ थेट पेल्यात येतो.

सावकाश म्हणजे हाताने सतत रेटणं नव्हे. सरळ पद्धतीत दट्ट्या आणि पाणी यांच्यामध्ये थोडी हवा असते. दट्ट्या थोडा खाली न्यायचा, थांबायचं. दबलेली हवा पाणी ढकलत राहते. उलट्या पद्धतीत बरेच जण झाकण लावून, उलटवण्याआधी कॉफी गाळणीपर्यंत येईस्तोवर हवा काढून टाकतात. हवेची ही गादी गेली की हाताचा प्रत्येक झटका सरळ थरावर बसतो. उलटी पद्धत वापरायचीच असेल तर थोडी हवा आत राहू द्या, आणि पालथा केल्यावर कॉफी गाळणीवर बसायला पंधरा-वीस सेकंद द्या.

दट्ट्या हाताच्या वजनानेच दहा सेकंदांत तळाला गेला तर दळण जाड आहे. ४५ सेकंदांचा हट्ट धरून उपयोग नाही. अडकून बसला तर जोर वाढवू नका, उलट सैल करा; कमी दाबाखाली प्रवाह बरेचदा पुन्हा सुरू होतो. तरीही अडला तर पुढच्या वेळी दळण एक टप्पा जाड. दक्षिणी फिल्टरसाठी मिळणारी चिकोरीची पूड इथे घेऊ नये, ती थर घट्ट करते.

फुस्स आवाज आला की थांबतो. त्यानंतर चोथ्यातून मुख्यतः हवाच जाते, आणि पिळून निघालेले शेवटचे थेंब मला तुरट लागतात.

पुणे-मुंबई गाडीत मात्र सरळच पद्धत. उलट्या रचनेत सगळं पाणी दट्ट्याच्या रबरी सीलवर तोललेलं असतं, आणि सील जुनं, कडक झालं असेल तर एका धक्क्याने ते निसटतं. कडेने पाणी दट्ट्याच्या मागे झिरपू लागलं की सील बदलायचं. ते टिकवायचं तर धुतल्यावर दट्ट्या नळकांड्याच्या मध्यावर सोडू नका. पूर्ण आरपार ढकलून किंवा वेगळा काढून ठेवा. खाली पेला जाड स्टीलचा आणि रुंद बुडाचा घ्या, तोंड इतकं की नळकांड्याची कड त्यावर चहूबाजूंनी टेकेल. दाबताना काचेचा पातळ ग्लास नकोच.