गजर काढण्याआधी

सोमवार, रात्री

थायरॉइडच्या गोळीसाठी लावलेला सकाळी सहाचा गजर आता काढून टाकावा, असं बरेच दिवस मनात घोळतंय. हल्ली तो वाजतो तेव्हा गोळी बहुतेक वेळा घेऊन झालेली असते, नाहीतर डबी हातात असते. सवय लागली, असं वाटतं.

पण हे नुसतं वाटणं आहे. दात घासून होतात आणि गजर वाजतो, या दोन गोष्टी रोज पाच-दहा मिनिटांच्या फरकाने घडतात. हात डबीकडे जातो तो दात घासून झाले म्हणून, की आता गजर होणार हे मनाला आधीच ठाऊक असतं म्हणून? दोन्ही खुणा रोज जोडीने हजर असतात, तोवर कुठली खूण काम करतेय हे कळायला मार्गच नाही. गजर चालू असताना एकही दिवस न चुकणं हा सवयीचा पुरावा होत नाही.

किती दिवस झाले यावरूनही ठरवता येत नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून एक नवी गोष्ट करायची, असा तो प्रयोग होता. ती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला आणि हाच आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण माणसामाणसातला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एवढ्या मोठ्या पट्ट्यात मी कुठे बसते हे कॅलेंडर सांगू शकत नाही. त्यासाठी पाहावंच लागेल.

मंगळवार

आज पद्धत ठरवली. गजर बंद करायचा नाही, पुढे ढकलायचा. गोळी सहाच्या सुमारास, सात वाजता गजर. म्हणजे तो आठवण करून देणार नाही, झालं की नाही एवढंच विचारेल. सात वाजता डबी उघडायची: आजच्या वाराचा कप्पा रिकामा असेल तर काम गजराशिवाय झालं, भरलेला असेल तर नाही झालं. गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या आणि चहा-कॉफीच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. माझा नाश्ता आठला असतो, त्यामुळे सातला कप्पा भरलेला दिसला तरी दिवस वाया जात नाही. चाचणीत ही सवड असलीच पाहिजे.

प्रत्येक गोळीवर असा प्रयोग करू नये, हेही इथे लिहून ठेवते. थायरॉइडचं हे औषध रक्तात बरेच दिवस टिकतं, साधारण आठवड्याने निम्म्यावर येतं. त्यामुळे एखादी सकाळ चुकली तर मोठा फरक पडत नाही. फिट्सच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं औषध, इन्सुलिन यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे एक डोस चुकणंही महागात पडू शकतं, म्हणून गजर कायम राहू द्यावा. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीचंही तसंच. इतक्या विरळ गोष्टीची सवय लागेल या भरवशावर बसू नये.

शनिवार

सगळे दिवस कप्पा रिकामा. तरी हे निकाल मी धरत नाहीये, कारण रोज डोळे उघडताच "आज चाचणी आहे" हेच पहिलं मनात येत होतं. गजराची जागा चाचणीने घेतली, एवढंच झालं. ही टोचणी बोथट होऊन सकाळ पुन्हा साधी सकाळ होईपर्यंत थांबायला हवं. त्यानंतरचे दिवस खरे.

आणखी एक खूण मध्येच घुसली. गजर वाजला नाही म्हणून नवरा विचारू लागला, "गोळी घेतलीस का?" काळजीनेच विचारतो, पण तोही गजरच झाला. त्याला सांगितलं, काही दिवस विचारू नकोस, सातनंतर डबी बघ हवं तर. डबी मात्र बेसिनजवळ आहे तिथेच राहू दिली. ती नजरेला पडणं हा सवयीचाच भाग आहे. ती लपवून स्वतःची परीक्षा घेण्यात काही अर्थ नाही.

काही आठवड्यांनंतर, रविवार

आता चित्र स्पष्ट दिसतंय. कामाच्या दिवशी कप्पा न चुकता रिकामा. अपुरी झोप झाली तरी, डोकं दुखत असलं तरी. चूळ भरली की हात डबीकडे, आणि गोळी पाण्याबरोबर गिळताना मनात भलताच विचार चालू असतो. मला हवं होतं ते हेच: आधी आठवावं लागत नाही, करायला लागल्यावर लक्षात येतं.

रविवारी मात्र सातच्या गजराला कप्पा एकदा सोडून पुन्हा भरलेला सापडला. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रविवारी मी उठून आधी पेपर वाचत बसते आणि दात तासाभराने घासते. म्हणजे सवय "उठणं" या गोष्टीला चिकटलेली नाही, दात घासण्यालाच चिकटलेली आहे. पेपर मध्ये आला की पुढचं सगळं पुढे सरकतं. म्हणून सातही दिवस पुन्हा गजर लावायची गरज नाही. रविवारी उठल्यावर आधी दात, मग पेपर, एवढा क्रम बदलायचा आणि सातचा गजर फक्त रविवारपुरता ठेवायचा. बाकी सहा दिवसांचा आज काढला.

चुकलेले दिवस किती, यापेक्षा ते कुठल्या वारी चुकले हे पाहणं जास्त उपयोगी पडलं. नुसती टक्केवारी काढली असती तर सवय "बऱ्यापैकी लागली" असं दिसलं असतं आणि रविवारचं भोक तसंच राहिलं असतं.

बुधवार

आज एक नवी गोष्ट ध्यानात आली आणि ती मला गजरापेक्षा महत्त्वाची वाटते. घरातून निघताना मनात आलं, आज गोळी घेतली का? आठवेना. काल घेतल्याचं आठवतंय की आज, तेही सांगता येईना. सवय जितकी पक्की, तितकी केल्याची आठवण पुसट, कारण करताना लक्ष तिथे नसतंच. दाराला कुलूप लावलं का, हे वाटेत आठवत नाही तसंच. अशा वेळी शंका आली म्हणून दुसरी गोळी घेतली जाण्याचा धोका असतो. गजर असताना हा प्रश्न पडत नव्हता, कारण तो बंद केल्याची तरी आठवण राहायची.

डबी बघितली, बुधवारचा कप्पा रिकामा होता. विषय संपला. तेव्हा गजर गेला तरी वारांच्या कप्प्यांची डबी जाणार नाही. दर शनिवारी रात्री ती भरायची, आणि भरताना मागच्या आठवड्याची एखादी गोळी उरली आहे का ते बघायचं. उरलीच तर त्या वाराची नोंद या वहीत.

पुढच्या महिन्यात प्रवास आहे. तिथे बेसिन वेगळं, उठायची वेळ वेगळी, डबी बॅगेत. जागा आणि क्रम बदलला की पक्की सवयही ढिली पडते, कारण तिला ओढणाऱ्या खुणाच तिथे नसतात. त्या दिवसांपुरता सहाचा गजर पुन्हा लावला आहे आणि परतल्यावर पहिला आठवडा सातचा ठेवणार आहे.