फायर एक्स्टिंग्विशरची लेबलं मराठीत केली, त्याचा अनुभव

रिकाम्या मजल्यावर नवीन ऑफिस आलं, आग विझवायचे सिलिंडर आधीच्यांचेच भिंतीवर होते आणि सगळ्यांवर इंग्रजी लेबलं. ऑफिसच्या अॅडमिन मॅडमनी मला लेबलं मराठीत करून द्यायला सांगितलं. मी आधी प्रत्येक सिलिंडरचा चारी बाजूंनी फोटो घेतला, कारण समोरच्या लेबलवर कधीच सगळं नसतं, वापरायची मनाई कशावर आहे ते बहुतेकदा बाजूला बारीक अक्षरात असतं.

पहिला अडथळा आगीच्या वर्गांचा आला. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड आणि बी म्हणजे पेट्रोल, थिनर असले पेटणारे द्रव, हे सगळीकडे सारखंच. घोळ सी मध्ये आहे. युरोपियन पद्धतीच्या लेबलवर सी म्हणजे गॅसची आग, आणि अमेरिकन पद्धतीच्या लेबलवर तेच सी म्हणजे करंट चालू असलेल्या विजेच्या उपकरणाची आग. इथे भिंतीवर दोन्ही प्रकारचे सिलिंडर होते! कॉरिडॉरमधला पावडरचा युरोपियन, आणि सर्व्हर रूमच्या बाहेरचा सीओटूचा अमेरिकन, ज्याच्यावर बी आणि सी लिहिलेलं. आता वर्गांचा एकच तक्ता करून सगळीकडे चिकटवला असता तर सर्व्हर रूमच्या सिलिंडरवर "गॅसच्या आगीसाठी" असं आलं असतं, आणि विजेचा उल्लेखच राहिला नसता.

लेबल कुठल्या पद्धतीचं ते चित्रावरून कळतं. सी च्या शेजारी प्लग आणि सॉकेट असेल तर अमेरिकन, गॅसची ज्योत असेल तर युरोपियन. स्वयंपाकाच्या तेलाचा वर्ग दिलेला असेल तर अजून सोपं, अमेरिकन लेबलवर के असतो, युरोपियनवर एफ. युरोपियन लेबलवर विजेसाठी वेगळं अक्षर नसतंच, किती व्होल्टपर्यंत आणि किती अंतरावरून चालेल ते वाक्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे ते वाक्य गाळून चालत नाही.

म्हणून मी अक्षरं मूळ लेबलवरची तशीच छोटी ठेवली आणि मोठ्या अक्षरात काय जळतंय तेच लिहिलं: "चालू विजेची उपकरणं", "पेट्रोल, थिनर", वगैरे. पावडरवाल्यावर गॅसच्या खाली एक ओळ माझ्याकडून घातली, "आधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा". कारण गॅस सुटत राहिला आणि नुसती ज्योत विझवली तर तो खोलीत साठतो आणि मग स्फोट होऊ शकतो, लेबलवर हे नव्हतं पण तुमच्या फायर सर्व्हिसवाल्यालाही विचारून घ्या असं मी मॅडमना सांगितलं, त्याने लगेच होकार दिला.

खरा वेळ गेला तो पायऱ्यांवर. मूळ लेबलवर पिन ओढा, आगीच्या बुडाशी नेम धरा, लिव्हर दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा, असा क्रम होता. मराठीत वाक्य सहज येतं ते "हँडल धरून पिन ओढा". पण हे वाचून माणूस हँडल आणि लिव्हर दोन्ही मुठीत आवळतो, आणि लिव्हर दाबली गेली की पिनवर ताण येऊन ती अडकते. सर्व्हिसवाल्याकडे सरावाचा रिकामा सिलिंडर होता, तो रिसेप्शनवरच्या मुलाच्या हातात दिला आणि फक्त मराठी मजकूर वाचून करायला सांगितलं. त्याने मूठ आवळली, पिन हलेना. तो म्हणाला, "सर, ही जाम झालीये." मग ती ओळ बदलून "सिलिंडर जमिनीवर ठेवा, लिव्हर न दाबता पिन ओढून काढा" अशी केली, आणि त्याची पिन पहिल्या झटक्यात निघाली.

दुसरी ओळ "आगीवर मारा" अशी कुणीही लिहील, पण ज्वाळांवर मारलेली पावडर वाया जाते, जळणाऱ्या वस्तूवर मारायची असते, म्हणून "ज्वाळांवर नाही, जिथून आग निघतेय तिथे बुडाशी" असं सविस्तर ठेवलं. ओळ लांब झाली तरी चालेल असं माझं मत, कारण छोट्या सिलिंडरचा मारा काही सेकंदातच संपतो.

सीओटूच्या सिलिंडरवर मात्र क्रमाच्या आधीच एक ओळ टाकली, "काळ्या शिंगासारख्या नळीला हात लावू नका". गॅस सुटताना ती नळी इतकी गार पडते की कातडी भाजल्यासारखी होते (हाताला वेगळी पकड असेल तर ती धरायची). आणि शेवटी, "बंद खोलीत मारल्यावर बाहेर पडा", कारण सीओटू हवेतला ऑक्सिजन कमी करतो. सर्व्हर रूम म्हणजे बंद खोलीच.

नवीन मराठी लेबल मूळ लेबल, सर्व्हिसचा टॅग आणि प्रेशरचा काटा झाकणार नाही असं चिकटवायला सांगितलं. सीओटूवर काटाच नसतो, त्याचं भरलेलं आहे की नाही ते वजन करूनच कळतं, त्यामुळे तिथे "काटा हिरव्यात आहे का बघा" ही पावडरवाल्याची ओळ मी काढून टाकली.